‘दिवाळीनंतर येतो’ म्हणणाऱ्या उमेदवाराला अंतिम तारीख कशी द्यावी

निवड झालेला आणि नियुक्तीपत्रावर सही करून दिलेला उमेदवार रुजू होण्याची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलू लागला, की नाशिकमधल्या अंबड किंवा सातपूरच्या मध्यम आकाराच्या कारखान्यात सहसा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर मनुष्यबळ विभाग भिडेपोटी प्रत्येक वेळी ‘ठीक आहे’ म्हणत राहतो, नाही तर एखाद्या दुपारी वरिष्ठांचा पारा चढतो आणि ‘उद्या सकाळी हजर व्हा, अन्यथा नियुक्ती रद्द’ असा तीन ओळींचा ईमेल निघतो. पहिल्या वागण्याला आपण सौजन्य म्हणतो आणि दुसऱ्याला शिस्त. माझ्या मते दोन्ही नावे चुकीची आहेत. उमेदवाराला पुढे काय होणार हे पहिल्या प्रकारात कळतच नाही, आणि दुसऱ्या प्रकारात कळते तेव्हा त्याच्या हाती वेळ उरलेला नसतो. अंतिम तारीख देणारा ईमेल सभ्य ठरतो तो मऊ शब्दांमुळे नव्हे. तारीख पाळता येण्याजोगी असावी, तिच्यामागचे कारण सांगितलेले असावे आणि ती चुकल्यास काय होईल हे आधीच स्पष्ट असावे, यातच त्याची सभ्यता असते.

एक प्रकरण तपशिलाने पाहू. नाव-गाव काढून टाकले तरी त्यातल्या तारखा बोलक्या आहेत. अंबड औद्योगिक वसाहतीतल्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याने देखभाल विभागासाठी अभियंता निवडला. उमेदवार मूळचा नाशिकचा, नोकरीला चाकणला आणि घरी परतण्यास उत्सुक होता. 18 जुलै 2025 रोजी नियुक्तीपत्र दिले गेले. त्याच्या सध्याच्या करारात नोटीस दोन महिन्यांची होती, पण ‘एका महिन्यात सोडतील’ असे त्याने मुलाखतीत सांगितले होते, म्हणून रुजू होण्याची तारीख 1 सप्टेंबर ठरली. ऑगस्टच्या शेवटी त्याचा फोन आला, की कंपनी लवकर सोडायला तयार नाही, 15 सप्टेंबरला येतो. नंतर लक्षात आले की 15 सप्टेंबर पितृपक्षात येतो आणि घरच्यांचा त्याला विरोध आहे, म्हणून घटस्थापनेची 22 सप्टेंबर ही तारीख ठरली. मग जागेवर आलेल्या नव्या माणसाला काम समजावून देणे बाकी आहे म्हणून 6 ऑक्टोबर. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, 3 ऑक्टोबरला निरोप आला: ‘दिवाळी झाली की 27 तारखेला नक्की येतो.’

या चार लांबणींना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पहिल्या लांबणीत कारखान्याचाही दोष आहे, कारण नोटीस दोन महिन्यांची आहे हे माहीत असताना तोंडी आशेवर एका महिन्यानंतरची तारीख ठरवली गेली. पितृपक्षाची लांबण तर जुलै महिन्यातच भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये दिसत होती. आपल्याकडे पितृपक्षात नवी नोकरी सुरू करायला अनेक घरांत आजही नको म्हणतात, आणि गंमत अशी, की ती विनंती मान्य करणाऱ्या व्यवस्थापकांनीही स्वतःच्या नव्या गाडीची नोंदणी त्याच कारणाने पुढे ढकललेली असते. 21 जुलैला राजीनामा दिला असे उमेदवार सांगत होता, म्हणजे दोन महिन्यांची नोटीस 20 सप्टेंबरच्या सुमारास संपत होती. त्यामुळे 22 सप्टेंबरपर्यंतची वाट पाहणे दोन्ही बाजूंना समजण्यासारखे होते. प्रश्न त्यानंतरच्या दोन तारखांचा आहे, कारण त्या तारखांना नोटिशीचा आधार उरलेला नाही.

इथे अनुभवी माणूस कारण खरे की खोटे याच्या मागे लागत नाही. आईचे आजारपण, घराचे स्थलांतर, मुलाची शाळा ही कारणे तपासायला जाणे अशोभनीय आहे आणि त्यातून काही निष्पन्नही होत नाही. तपासायची गोष्ट एकच असते: राजीनामा स्वीकारल्याचे आणि शेवटचा कामाचा दिवस लिहिलेले पत्र किंवा ईमेल. ज्याला खरोखर उशीर होत आहे त्याच्याकडे हा कागद असतो, आणि तो मागितल्यावर त्याच दिवशी पाठवतो. कारण आपली अडचण खरी आहे हे दाखवायला त्याला तोच उपयोगी पडतो. ज्याने राजीनामा दिलेलाच नाही, किंवा दिल्यावर पगारवाढ मिळवून मागे घेतला आहे, किंवा तिसऱ्या ठिकाणच्या मुलाखतीच्या निकालाची वाट पाहत आहे, त्याच्याकडे कारणे भरपूर असतात, पण हा एक कागद येत नाही. आपल्या प्रकरणात तो दोनदा मागितला गेला आणि दोन्ही वेळा ‘पाठवतो’ असे उत्तर आले. अंतिम तारखेचा ईमेल लिहिण्याची वेळ झाली आहे हे ओळखण्याची खूण चौथी लांबण नव्हे. न आलेला कागद ही ती खूण आहे.

आता कायद्याची बाजू, कारण ‘रद्द करतो’ असे लिहिण्यापूर्वी ती माहीत असायला हवी. उमेदवाराने नियुक्तीपत्र सही करून परत दिले की तो केवळ प्रस्ताव राहत नाही, तो करार होतो. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 63 नुसार ज्याला वचन दिले आहे तो वचन पूर्ण करण्याची मुदत वाढवून देऊ शकतो, आणि या कारखान्याने ती तीन वेळा वाढवून दिली. कलम 55 नुसार ठरलेली वेळ हा कराराचा गाभा असेल, तर ती चुकल्यावर दुसऱ्या पक्षाला करार मोडता येतो. पण मुदत वारंवार वाढवून दिल्यावर मूळ तारीखच गाभा होती, असे म्हणणे कठीण होते. मग तारखेला पुन्हा वजन द्यायचे तर निश्चित आणि वाजवी मुदतीची नवी सूचना द्यावी लागते. ‘उद्या सकाळी हजर व्हा’ हा ईमेल याच कारणाने कच्चा ठरतो. महिनाभर सैल सोडलेली दोरी एका रात्रीत ताणली तर ती वाजवी सूचना म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूने, उमेदवार आलाच नाही तर न्यायालय त्याला कामावर यायला भाग पाडणार नाही. व्यक्तिगत कौशल्यावर अवलंबून असलेले करार 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 14 नुसार तसे अमलात आणले जात नाहीत. नुकसानभरपाई मागण्याचा मार्ग कागदावर आहे, पण नाशिकमधला कोणताही शहाणा कारखानदार एका अभियंत्यासाठी त्या वाटेला जाणार नाही. म्हणून ईमेलात कायदेशीर कारवाईची धमकी घालणे निरर्थक आहे. जी गोष्ट आपण करणार नाही ती लिहिली, की जी करणार आहोत तिच्यावरचाही विश्वास उडतो.

तारीख कोणती द्यावी, हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, आणि तो रागाच्या भरात किंवा उमेदवाराच्या सोयीने न करता कामाच्या गरजेवरून करावा. 27 ऑक्टोबरपर्यंत थांबल्याने काय बिघडते, हा प्रश्न देखभाल विभागाला विचारायला हवा होता आणि इथे तो विचारला गेला. उत्तर स्पष्ट होते. दिवाळीत उत्पादन बंद असते, कामगार गावी जातात, आणि नेमक्या त्याच दिवसांत यंत्रे उघडून त्यांची वार्षिक देखभाल होते: बेअरिंग बदलणे, हायड्रॉलिकचे तेल बदलणे, विजेच्या पॅनेलची तपासणी, जी कामे चालू उत्पादनात करता येत नाहीत. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होते. देखभाल अभियंता 27 तारखेला आला असता तर वर्षातले त्याचे सर्वांत मोठे काम त्याच्याविना उरकलेले असते, आणि ती यंत्रे आतून पाहण्याची संधी त्याला पुढच्या दिवाळीपर्यंत मिळाली नसती. शिवाय जुलैपासून त्या रिकाम्या जागेचा भार दोघे जण ओढत होते, आणि त्यांच्या रजा ‘नवा माणूस आला की घ्या’ म्हणून अडवून ठेवल्या होत्या. दिवाळीची रजाही तशीच जाणार हे त्यांना दिसत होते. हाच कारखाना लेखा विभागासाठी माणूस घेत असता, तर कदाचित 27 ऑक्टोबर ही तारीख आनंदाने मान्य करून तीच अंतिम ठरवणे अधिक शहाणपणाचे झाले असते. अंतिम तारीख नेहमी उमेदवाराने मागितलेल्या तारखेच्या अलीकडचीच असली पाहिजे असा नियम नाही.

उमेदवाराने दिवाळीचे नाव का घेतले असेल याचा अंदाज करणे अवघड नाही. चाकणच्या कंपनीत दिवाळीपूर्वी मिळणारी रक्कम सोडून यावी, असे कोणाला वाटेल? यात लाज वाटण्यासारखे काही नाही, आणि त्याने ते सरळ सांगितले असते तर कारखान्याला त्यावर काही तोडगा काढता आला असता. पण तो अंदाज ईमेलात लिहू नये. समोरच्याच्या मनातले हेतू आपण कागदावर मांडले की तो तारखेचे उत्तर देत नाही, स्वतःचा बचाव करत बसतो.

ईमेल पाठवण्यापूर्वी एकदा फोन करावा आणि ‘आज संध्याकाळपर्यंत आमचा लेखी निर्णय येईल’ एवढेच सांगावे, म्हणजे अंतिम तारीख अचानक अंगावर येत नाही. ईमेल उमेदवाराने अर्जात दिलेल्या खासगी पत्त्यावरच जावा. त्याच्या सध्याच्या कंपनीच्या पत्त्यावर तो चुकूनही जाऊ नये, कारण अजून त्याने राजीनामा दिला नसेल तर आपल्या एका निष्काळजीपणाने त्याची हातातली नोकरी धोक्यात येईल. 6 ऑक्टोबरला पाठवायचा मजकूर मी असा लिहिला असता. प्रत्यक्षात असे ईमेल बहुतेक इंग्रजीत जातात, पण मराठीत लिहायला काहीच हरकत नाही.

विषय: रुजू होण्याची अंतिम तारीख, बुधवार 15 ऑक्टोबर 2025

प्रिय श्री. …,

देखभाल अभियंता या पदासाठी 18 जुलै रोजी आम्ही आपल्याला नियुक्तीपत्र दिले आणि आपण ते स्वीकारले. मूळ ठरलेली तारीख 1 सप्टेंबर होती. आपल्या विनंतीवरून ती 15 सप्टेंबर, 22 सप्टेंबर आणि 6 ऑक्टोबर अशी तीन वेळा बदलण्यात आली. 3 ऑक्टोबरच्या निरोपात आपण 27 ऑक्टोबर ही तारीख मागितली आहे.

ही विनंती आम्हाला मान्य करता येत नाही, याचे वाईट वाटते. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या यंत्रांची वार्षिक देखभाल होते आणि आपली निवड ज्या कामासाठी झाली त्यातला तो मुख्य भाग आहे. त्यापूर्वी आपण यंत्रे आणि सहकारी यांच्याशी परिचित होणे गरजेचे आहे.

त्यामुळे आपण बुधवार, 15 ऑक्टोबर रोजी सकाळी 9 वाजता रुजू व्हावे, ही विनंती. ही तारीख अंतिम आहे. आपण येणार आहात की नाही, हे बुधवार, 8 ऑक्टोबर रोजी सायंकाळी 6 वाजेपर्यंत याच ईमेलला उत्तर देऊन कळवावे आणि सोबत राजीनामा स्वीकारल्याच्या पत्राची प्रत जोडावी.

त्या वेळेपर्यंत आपला होकार व ती प्रत मिळाली नाही, किंवा 15 ऑक्टोबरला आपण रुजू झाला नाहीत, तर 18 जुलैचे नियुक्तीपत्र मागे घेतले आहे असे समजावे. आम्ही दुसऱ्या उमेदवाराची नेमणूक करू. तारीख पाळण्यात आमच्याकडून सोडवता येईल अशी काही अडचण असेल, उदाहरणार्थ राहण्याची सोय किंवा नोटिशीचे उरलेले दिवस, तर 8 तारखेपूर्वी मला फोन करावा.

आपण येऊ शकत नसाल तर तसे मोकळेपणाने कळवावे. आपला निर्णय काहीही असला तरी तो आम्ही समजून घेऊ.

या मजकुरात दोन तारखा आहेत, आणि त्या वेगवेगळ्या ठेवणे हाच त्यातला कळीचा मुद्दा आहे. बहुतेक अंतिम ईमेलात फक्त रुजू होण्याची तारीख असते. मग त्या सकाळी 9 वाजता फाटकापाशी कोणी आले की नाही हे पाहिल्याशिवाय काहीच कळत नाही, आणि मधला आठवडा वाया जातो. उत्तराची तारीख वेगळी ठेवली की दोन दिवसांत स्थिती स्पष्ट होते आणि रांगेतल्या दुसऱ्या उमेदवाराला दिवाळीपूर्वी विचारणे शक्य होते. उत्तरासाठी दोन दिवस थोडे वाटतील, पण उमेदवाराला नव्याने विचार करायचा नाही. आधी दिलेला शब्द पुन्हा सांगायचा आहे. रुजू होण्यासाठी मात्र नऊ दिवस दिले आहेत, कारण चाकणहून बिऱ्हाड हलवायला तेवढा वेळ लागतो.

आधीच्या तीन तारखांची उजळणी काहींना टोमण्यासारखी वाटते. ती गाळू नये, पण तिला विशेषणे लावू नयेत. ‘आपण सतत’, ‘वारंवार सांगूनही’, ‘खेदाची बाब म्हणजे’ असे शब्द घातले, की नोंदीचा आरोप होतो. नुसत्या तारखा लिहिल्या की त्या स्वतःच पुरेसे सांगतात. ‘अंतिम’ हा शब्द मात्र एकाच प्रकरणात दुसऱ्यांदा वापरता येत नाही. 22 सप्टेंबरच्या वेळी सवयीने ‘ही शेवटची संधी’ असे लिहिले असते, तर 6 ऑक्टोबरच्या ईमेलाचा अर्ध्याहून अधिक जोर आधीच खर्च झाला असता. आणि 15 ऑक्टोबरच्या संध्याकाळी पत्र मागे घेण्याची तयारी नसेल, तर हा ईमेल पाठवूच नये.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा आहे, की चांगला देखभाल अभियंता नाशिकमध्ये सहज मिळत नाही. पुणे आणि मुंबई दोन्हीकडून ओढ असते, मग दहा-पंधरा दिवसांसाठी हातातला माणूस का घालवायचा? हा आक्षेप खोटा नाही. पण तो माणूस हातात आहे हे गृहीत धरतो, आणि तेच तर माहीत नसते. अंतिम तारखेने येणारा माणूस जात नाही. तो 8 तारखेला उत्तर देतो, फार तर फोन करून 15 ऐवजी 16 तारीख मागतो, आणि तेवढी लवचिकता सोबतच्या कागदाच्या बदल्यात जरूर दाखवावी. जाणारा माणूस मात्र आधीच गेलेला असतो, फक्त त्याने ते सांगितलेले नसते, आणि नकार देण्याचा संकोच आपल्याकडे इतका खोल आहे की ‘नाही’ म्हणण्यापेक्षा पुढची तारीख देणे त्याला अधिक सभ्य वाटते. ईमेलातली शेवटची दोन वाक्ये त्याच्यासाठी आहेत. रांगेतला दुसरा उमेदवारही अमर्याद काळ थांबत नाही. जुलैमध्ये होकार देण्यास तयार असलेला माणूस ऑक्टोबरमध्ये दुसरीकडे लागलेला असण्याचीच शक्यता अधिक, आणि ती किंमत प्रत्येक ‘ठीक आहे’बरोबर वाढत गेलेली असते.

उत्तर नाही आले, तर 9 तारखेला दुसरा, चार ओळींचा ईमेल जायलाच हवा: नियुक्तीपत्र मागे घेतले आहे, आपली पगारपत्रके व ओळखपत्रांच्या प्रती आमच्याकडून नष्ट केल्या आहेत, शुभेच्छा. तो न पाठवता गप्प बसणारे कारखाने पुढे अडचणीत येतात, कारण 27 ऑक्टोबरला तोच उमेदवार बॅग घेऊन फाटकापाशी उभा राहतो आणि त्याच्या हातात सही केलेले पत्र असते. प्रती खरोखर नष्ट केल्यावरच तसे लिहावे, हे वेगळे सांगायला नको.

हे सगळे उमेदवाराच्या बाजूने पाहिले तर एक गोष्ट खटकते, आणि ती कारखानदारांना ऐकायला आवडत नाही. जो कारखाना चाकणच्या कंपनीने माणूस महिन्याभरात का सोडला नाही म्हणून वैतागतो, त्याच्या स्वतःच्या नियुक्तीपत्रात अभियंत्यांसाठी दोन किंवा तीन महिन्यांची नोटीस लिहिलेली असते आणि सोडून जाणाऱ्याला तो शेवटच्या दिवसापर्यंत धरून ठेवतो. नोटीस जितकी लांब, तितका उमेदवाराला मधल्या काळात दुसरा, तिसरा देकार शोधायला वेळ मिळतो. तारखा ढकलण्याच्या सवयीचे मूळ बऱ्याच अंशी याच कलमात आहे. एकट्या कारखान्याने नोटीस कमी केली तर त्याचाच तोटा होतो, म्हणून कोणी पुढाकार घेत नाही. निमा आणि आयमा यांसारख्या नाशिकच्या उद्योजक संघटनांनी अंबड, सातपूर आणि सिन्नरच्या सदस्यांना एकत्र बसवून अभियंत्यांच्या नोटिशीची कमाल मर्यादा एक महिना ठरवावी आणि राजीनामा स्वीकारल्याचे पत्र तीन दिवसांत देण्याचे बंधन घालून घ्यावे, अशी माझी सूचना आहे. पुण्याच्या कंपन्यांवर त्याचा काही परिणाम होणार नाही, पण नाशिकमधल्या नाशिकमध्ये होणाऱ्या बदल्यांत तरी जुलैमध्ये दिलेल्या पत्राचा माणूस ऑगस्टअखेर कामावर दिसेल, आणि मग अंतिम तारखेचे असे ईमेल लिहिण्याची वेळ क्वचितच येईल.